गौरी-गणपतीतल्या आकड्यांवर कॅमेरा घ्यावा का?

*नमस्कार सर. मी बेळगावात वडगावला राहते. तीन वर्षं झाली, आपल्याकडच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते. आजवर काम साधंच होतं. जाऊबाई मोबाईल धरायच्या आणि मी करता करता सांगायची. यंदा गणपतीत भाच्यानं सगळं पालटलं: मागून आवाज, भराभर तुकडे, मोठी अक्षरं, संगीत. एरवी पंधरा दिवसांत तीस हजार व्ह्यूज होतात, ह्या वेळी दोन लाख चाळीस हजार झाले. गेल्या वर्षीच्या पाचपट दाखवतंय. लाईक आणि कमेंटही भरपूर. भाचा म्हणतो, मावशी, नवी पद्धत चालली, आता हप्त्यावर कॅमेरा घेऊ आणि एडिटिंगला एक मुलगा महिना बारा हजारांवर ठेवू. घरचे म्हणतात थांब. त्यात अनंत चतुर्दशीपासून आकडे परत पडायला लागलेत, जीव खालवर होतोय. काय करू?*

ताई, कॅमेऱ्याचा हप्ता आत्ता सुरू करू नका आणि त्या मुलालाही महिन्याच्या पगारावर ठेवू नका. नवी पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती चांगली की वाईट हे गणपतीच्या आकड्यांवरून कळायला मार्गच नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. भाच्यानं पद्धत बदलली ती नेमकी गणपतीच्या तोंडावर. त्यामुळं वाढ सणाची किती आणि पद्धतीची किती, हे नुसत्या बेरजेत दिसणार नाही. ते वेगळं काढावं लागतं. तुम्ही मागाहून पाठवलेल्या आकड्यांतून ते बऱ्यापैकी निघतं, म्हणून इथं सविस्तर मांडतो.

आधी एक साधा पंधरवडा धरू. मी तुमच्याकडून ज्येष्ठातल्या वद्य पक्षाचे आकडे मागवले होते, म्हणजे यंदाचे, २०२५ चे, १२ ते २५ जून. वटपौर्णिमा उरकलेली असते, आषाढी एकादशी अजून पुढं असते, स्वयंपाकघरात विशेष काही नसतं. त्या चौदा दिवसांत तुमचे व्ह्यूज ३०,००० होते. मग गणपतीचे चौदा दिवस, चतुर्थीच्या तीन दिवस आधीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. तिथं २,४०,०००. आता हे दोन लाख चाळीस हजार कोणाचे, ते बघू. भाच्याच्या पद्धतीनं केलेले नवे सहा व्हिडिओ मिळून ९०,००० झाले. उरलेले दीड लाख जुन्या व्हिडिओंचे आहेत, जाऊबाईंनी मोबाईल धरून काढलेल्या.

हा दीड लाखही फोडून बघितला. तुमचे सणाचे जुने पाच व्हिडिओ आहेत: तळणीचे मोदक, पंचखाद्य, पुरणपोळी, कटाची आमटी आणि गौरीच्या नैवेद्याची शेपूची भाजी-भाकरी. ह्या पाचांचे जूनच्या पंधरवड्यात सगळे मिळून जेमतेम ४०० व्ह्यूज होते. गणपतीत ते १,२०,००० झाले. राहिले रोजच्या जेवणाचे जुने व्हिडिओ, म्हणजे पिठलं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी वगैरे. ते जूनमध्ये २९,६०० होते आणि गणपतीत ३०,०००. म्हणजे जागचे हललेही नाहीत.

जुन्या पाच व्हिडिओंना ह्या वर्षी कोणी हात लावलेला नाही. तोच आवाज, तोच उजेड, मध्येच शिट्टी वाजणारा तोच कुकर. त्यांचा दर्जा जूनमध्ये जो होता तोच ऑगस्टमध्ये होता. तरी आकडा चारशेवरून एक लाख वीस हजारांवर गेला. ही वाढ निव्वळ सणाची, तिच्यात पद्धतीचा एक पैचाही वाटा नाही. कुठल्याही नव्या प्रयोगाचं माप काढताना मी सगळ्यात आधी हेच बघतो: ज्याला कुणी हात लावला नाही, त्याचं त्या दिवसांत काय झालं?

शेपूच्या भाजीचा तो व्हिडिओ मी मुद्दाम बघितला. आपल्याकडं, कोल्हापुरापासून बेळगावपर्यंत, गौर घरात आली की पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य. यंदा ते आवाहन ३१ ऑगस्टला होतं. तुमचा तारखेवारीचा आलेख ३० तारखेला वर चढतो, ३१ ला शेंड्याला असतो आणि १ सप्टेंबरला खाली येतो, कारण त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक. लगेच पुरणपोळीचा आलेख वर जातो. बघणारी बाई कोण आहे ते ह्यावरून समजतं. नवीन सून असेल, किंवा ह्या वर्षी सासूबाई नाहीत म्हणून पहिल्यांदा एकटीनं गौर बसवणारी. तिला त्या दिवशी, त्या वेळी, ती भाजी करायचीच होती. व्हिडिओ उत्तम असता तरी तिनं बघितला असता आणि बेताचा असता तरी बघितला असता. एरवी वर्षभर शेपूला कोण विचारतंय? घरातली मुलं वासानंच ताट सरकवतात.

आता भाच्याची बाजू घेऊन बघतो. तो म्हणेल, नव्या सहांनीही नव्वद हजार आणले की. खरं आहे. पण ते सहाही सणाचे पदार्थ आहेत, म्हणून त्यांची तुलना जूनमधल्या पिठल्याशी करून चालणार नाही, सणाच्या जुन्या पाचांशी करायला हवी. सरासरी काढली तर जुन्या सणाच्या व्हिडिओला त्या पंधरवड्यात २४,००० व्ह्यूज पडले आणि नव्याला १५,०००. म्हणून जुनी पद्धत सरस, असंही मी म्हणणार नाही. जुने व्हिडिओ यूट्यूबच्या शोधात दोन-तीन वर्षं मुरलेले आहेत, नव्यांतले दोन तर गौरी विसर्जनानंतर टाकलेले, त्यांना दिवसच कमी मिळाले. एवढंच म्हणता येतं की नव्या पद्धतीनं चमत्कार घडवल्याचा पुरावा ह्या आकड्यांत नाही.

पाचपट वाढीचं कोडं ह्याहून सोपं आहे. YouTube Studio मध्ये Compare करताना तुम्ही गेल्या वर्षीच्या त्याच तारखा घेतल्या, २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०२४. तेव्हा तुमचे व्ह्यूज ४८,००० होते, म्हणून पाचपट. पण २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती! तुम्ही यंदाचा अख्खा गणेशोत्सव गेल्या वर्षीच्या श्रावणअखेरीशी ताडून बघितला. आपले सण तिथीनं येतात आणि Studio तारखेनं मोजतं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, आणि अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पलीकडं उडी मारतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, म्हणून चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली. २०२४ ला ७ सप्टेंबर, यंदा २७ ऑगस्ट. पुढल्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला बसणार. म्हणजे पुढल्या वर्षी तुम्ही ह्याच तारखा लावून बघाल तेव्हा चॅनेल कोसळल्यासारखं दिसेल, आणि तेव्हाही काही बिघडलेलं नसेल.

तेव्हा तारखेला तारीख न लावता तिथीला तिथी लावा. ह्यासाठी कालनिर्णय हाताशी असलेलं बरं. २०२४ चा तोच पंधरवडा म्हणजे ४ ते १७ सप्टेंबर. त्यात तुमचे व्ह्यूज १,६०,००० होते. आणि २०२४ चा ज्येष्ठ वद्य पक्ष, २२ जून ते ५ जुलै, २१,०००. आता हे चार आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. गेल्या वर्षी जुन्या पद्धतीनं, जाऊबाईंच्या हातातल्या मोबाईलवर, गणपतीनं तुमचा साधा पंधरवडा ७.६ पट केला होता. यंदा नव्या पद्धतीसकट ८ पट केला. नवी पद्धत, जास्तीचे सहा व्हिडिओ, भाच्याची रात्रीची जागरणं, सगळं मिळून फरक पडला तो ७.६ चा ८. तोही पद्धतीचाच आहे असं नाही. गेल्या वर्षीपेक्षा सणाचे व्हिडिओ तुमच्याकडं जास्त जमलेत, म्हणून दुकानात माल जास्त होता म्हणा.

ह्याच कागदावर एक चांगली गोष्ट आहे, ती तुमच्या पत्रात नव्हती. साधा पंधरवडा वर्षभरात २१,००० वरून ३०,००० झाला. जवळजवळ दीडपट. ही वाढ कुठल्याही सणाच्या कुबडीशिवाय झालेली आहे आणि ती भाचा येण्याच्या आधीची आहे. तुमच्या कामाबद्दल काही सांगणारा आकडा असेल तर हा.

लाईक आणि कमेंटबद्दल थोडक्यात. लोकांना वाटतं, व्ह्यूज सणामुळं फुगले असतील, पण शंभरात किती जणांनी लाईक केलं हे तर दर्जाचंच माप झालं. तसं नसतं. सणात नुसती गर्दी वाढत नाही, गर्दीतली माणसंही बदलतात. तुमच्या मोदकाच्या व्हिडिओखालच्या कमेंट मी चाळल्या. निम्म्याहून जास्त ‘गणपती बाप्पा मोरया’ आहेत. ते बाप्पाला आहे ताई, तुमच्या सारणाला नाही. कमेंट वाचायच्याच असतील तर ‘तळताना मोदक फुटले, काय चुकलं?’ असं विचारणाऱ्या बाजूला काढा. त्या बाईनं खरंच करून बघितलंय. तशा कमेंट जुन्या मोदकाखालीही आहेत आणि नव्याखालीही, आणि नव्याखाली एक तक्रार चार-पाच जणींनी केलीय: कळ्या पाडताना हात फार लवकर पुढं जातो, दिसत नाही. ही तक्रार मला लाखभर लाईकपेक्षा कामाची वाटते. भाच्याला दाखवा.

सणात आलेली माणसं तुमची झाली का, हे बघायची एक जागा आहे. मोदकासाठी आलेल्या बाईनं तुमचं पिठलंही बघितलं का? वर सांगितलंच, रोजच्या जेवणाचे व्हिडिओ गणपतीत २९,६०० वरून ३०,००० वर गेले. म्हणजे बहुतेक जणी कामापुरत्या आल्या आणि गेल्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, त्यांच्याही घरी पाहुणे होते. पण नव्या सबस्क्राइबरच्या संख्येवर आत्ता भरवसा ठेवू नका. त्यांच्यातल्या किती जणी कार्तिकात साध्या भाजीचा व्हिडिओ उघडतात ते बघा. Analytics मध्ये नवे आणि परत येणारे प्रेक्षक वेगळे बघता येतात, त्यातली परत येणाऱ्यांची रेघ नोव्हेंबरअखेर जूनपेक्षा वर राहिली तर सणानं तुम्हाला काही दिलं म्हणायचं.

आकडे पडताहेत त्याची काळजी सोडा. सध्या पितृपक्ष चालू आहे. कोण ह्या दिवसांत नवा गोड पदार्थ शोधणार? जी लाट घेऊन आली तीच लाट परत नेतेय. घसरण बघून भाच्याच्या पद्धतीला दोष देणं हे वाढ बघून तिला श्रेय देण्याइतकंच चुकीचं होईल. २२ सप्टेंबरला घट बसले की उपवासाचे पदार्थ उचल खातील, मग दसरा, मग फराळ. दिवाळीच्या आधी जाहिरातदार हात सैल सोडतात, त्यामुळं हजार व्ह्यूजमागं मिळणारे पैसेही वाढलेले दिसतील. त्यालाही भुलू नका, जानेवारीत ते उतरतात.

सणाच्या पदार्थांची लाट किती उंच आणि कुठं असते, हे तुमच्या चॅनेलबाहेर बघायचं असेल तर Google Trends उघडा, `ukdiche modak` टाका आणि मुदत पाच वर्षांची घ्या. दरवर्षी एक सुळका दिसेल आणि तो चतुर्थीबरोबर सरकलेला दिसेल. तिथला १०० म्हणजे शंभर लोक नव्हेत. निवडलेल्या मुदतीतलं सर्वांत उंच टोक ते १०० धरतात आणि बाकीचं त्याच्या तुलनेत. विभाग निवडताना मात्र आपली पंचाईत होते. राहतो कर्नाटकात, पण कर्नाटक निवडलं की बेंगळूर-म्हैसूरकडचा शोध आपल्याला झाकून टाकतो. तिकडं गौरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी असते, आपल्याकडं तीन-चार दिवसांनी. तुमच्या प्रेक्षकांचा आलेख महाराष्ट्राच्या आलेखाशी जास्त जुळेल, तोच घ्या.

आता नवी पद्धत खरंच चांगली आहे का, ते तपासायचं कसं? रिकामा महिना शोधत बसलात तर मिळणार नाही. आपल्याकडं तुळशीचं लग्न झालं की मार्गशीर्षातले गुरुवार येतात, ते संपेपर्यंत भोगी-संक्रांत. म्हणून काळ बदलायची वाट न बघता दोन्ही पद्धती एकाच काळात चालवा, म्हणजे सण आला तरी दोघींना सारखाच लागेल. १० नोव्हेंबरपासून आठ आठवडे धरा. आठवड्याला दोन साधे पदार्थ, एकमेकांच्या तोडीचे. झुणका आणि पिठलं, वांग्याची भाजी आणि दोडक्याची भाजी, असे. जोडीतला कुठला नव्या पद्धतीनं करायचा हे नाणं उडवून ठरवा. भाच्याला निवडू देऊ नका, तो न कळत चांगला पदार्थ आपल्या बाजूला ओढेल. दोन्ही व्हिडिओ ठरलेल्या दोन वारी, त्याच वेळेला टाका आणि कुठला आधी जाणार तेही नाण्यावरच सोडा. प्रत्येकाचे पहिले चौदा दिवस मोजा, त्याहून जास्त नाही.

मोजताना एका ठिकाणी फसगत होते. Average percentage viewed बघितलं की नवी पद्धत जिंकल्यासारखी वाटेल, कारण तिचे व्हिडिओ आखूड आहेत. तीन मिनिटांचा व्हिडिओ सत्तर टक्के बघितला म्हणजे दोन मिनिटं सहा सेकंद झाले. आठ मिनिटांचा चाळीस टक्केच बघितला तरी तीन मिनिटं बारा सेकंद होतात. तेव्हा टक्क्यांशेजारी Average view duration लिहायचं, आणि करून बघणाऱ्या कमेंट किती आल्या तेही. आठ जोड्यांपैकी सात किंवा आठ जोड्यांत नवी पद्धत पुढं असेल तर मी मानेन, कारण नुसत्या नशिबानं तसं घडायची शक्यता शंभरात तीन-चार एवढीच असते. पाच-तीन झालं तर काहीच सिद्ध झालं नाही, तेवढं नाणंही करून दाखवतं.

Studio च्या Advanced mode मध्ये Groups करता येतात, ते संगणकावर बसून आत्ताच करून ठेवा: एक सणाच्या जुन्यांचा, एक रोजच्या जुन्यांचा, एक नव्या पद्धतीच्या सणाच्या व्हिडिओंचा, आणि नोव्हेंबरपासूनच्या जोड्यांचे दोन. मग दरवेळी वही घेऊन बसावं लागणार नाही.

पैशाचं म्हणाल तर त्या मुलाला काम द्या, पण व्हिडिओमागं पैसे ठरवून आणि नव्या पद्धतीच्या त्या आठ व्हिडिओंपुरतं. महिना बारा हजार म्हणजे वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार होतात आणि तुमच्या वर्षात गणपतीचे पंधरवडे दोन नसतात, एकच असतो. यूट्यूबची गेल्या बारा महिन्यांची कमाई एकत्र करा, त्यातून गणपती आणि दिवाळीचे दोन महिने वजा करा, जे उरेल त्याला दहानं भागा. हप्ता त्या आकड्यात बसत असेल तर कॅमेऱ्याचं जानेवारीत बोलू. आणि भोगीच्या भाजीचा, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा व्हिडिओ अजून तुमच्याकडं नाही. तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत टाका, म्हणजे १३ जानेवारीच्या आत शोधात रुळेल. जोड्यांच्या हिशोबात मात्र तो धरू नका, सणाच्या ग्रुपमध्ये घाला.